ऐनवेळचा पिकअप नेहमी माझ्याच गळ्यात का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतली चार घरं मिळून मुलांना शाळेतून आणतो. वार ठरलेले आहेत. पण कुणी आजारी पडलं की शेवटी मलाच जावं लागतं, कारण मी घरून काम करते. नाही म्हटलं तर वाईटपणा येतो, आणि मग सगळी चिडचिड घरच्यांवर निघते. मी यातून बाहेर पडू का?

उत्तर : निर्णय घेण्याआधी ग्रुपवरचे गेल्या दोन महिन्यांचे मेसेज काढा. वार बदलला तेव्हा कुणी, काय शब्दांत विचारलं आणि पहिलं उत्तर कुणाचं आलं, ते वहीत लिहा. वाकडच्या एका आईला मी हेच करायला सांगितलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लोक आपल्याला गृहीत धरतात, ही तिची तक्रार खरीच होती. पण वहीत आणखी एक गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक मेसेज ‘आज कुणाला जमेल का?’ असा होता आणि पाच मिनिटांत तिचंच ‘मी जाते’ आलेलं होतं. बाकीचे मीटिंगमधून बाहेर येऊन फोन बघेपर्यंत प्रश्न मिटलेला असायचा. त्यांच्या दृष्टीने अडचण कधी उभीच राहिली नव्हती.

मग एका रविवारी चारही घरं बसली आणि प्रत्येक वारापुढे दोन नावं लिहिली गेली, एक ड्युटीचं आणि एक बॅकअपचं. तिने बॅकअपसाठी फक्त मंगळवार घेतला. त्या दिवशी तीन ते चार ही वेळ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये अडवून ठेवायची, इतर दिवशी नाही. आजारी पडणाऱ्याने ग्रुपवर न लिहिता थेट त्या दिवसाच्या बॅकअपला फोन करायचा, आणि समोरून ‘हो, मी घेतो’ असं ऐकू येईपर्यंत ड्युटी आपलीच समजायची. हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. मेसेज टाकला म्हणजे काम सोपवलं, असं धरून चालल्यामुळेच मुलं गेटवर ताटकळत राहतात.

तिला सर्वांत जड गेलं ते गप्प राहणं. सवयीने कुणी ग्रुपवर विचारलंच तर काय लिहायचं, ते आम्ही आधीच ठरवलं होतं : ‘माझा कॉल आहे. आजच्या बॅकअपला फोन करतेस का?’ यात माफी नाही आणि कारणांचा पाढाही नाही. सुरुवातीला ती हे टाइप करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवून यायची, नाहीतर ‘बरं, जाते मी’ हे पुढचं वाक्य आपोआप लिहिलं जायचं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. ड्युटीवरच्या घरातल्या मुलीला ताप आला. पाठोपाठ बॅकअपच्या मुलालाही आला, कारण रोज एकाच गाडीत, काचा बंद करून ती मुलं शेजारी बसत होती. व्हायरलच्या दिवसांत हे होणारच. म्हणून तिसरं नाव गाडीबाहेरचं हवं. त्यांनी एका मुलाच्या आजोबांना विचारलं. आजोबा आनंदाने गेले, पण शाळेच्या गेटवर अडले, कारण त्यांच्याकडे पिकअप कार्ड नव्हतं. अडवणाऱ्या वॉचमनचं चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी चारही पालकांनी आपापल्या सहीची पत्रं शाळेत दिली आणि आजोबांचा फोटो नोंदवला. तुमच्याही शाळेत हा नियम काय आहे ते तापाची साथ येण्याआधी विचारून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांना नंतर सुचली. बॅकअपच्या दिवशी गाडी घरी आहे का? एका मंगळवारी तिचा नवरा कार घेऊन गेला होता आणि स्कूटरवर चार मुलं आणणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मंगळवारी तो ऑफिसच्या बसने जातो.

कुणी कुणासाठी किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब एकेका तापासाठी ठेवू नये, त्याने मनं कडवट होतात. पण एकाच घराला पुन्हा पुन्हा जमत नसेल तर त्याची ड्युटीच बदलावी. त्यांच्यातल्या एका बाबांना कामासाठी सारखं ऐन दुपारी चाकणला जावं लागायचं. त्यांना सकाळी मुलांना सोडायचं काम दिलं, आणि त्यांची कुरबुर थांबली.

नावं लिहूनही तुमच्याकडे कुणी बॅकअप घ्यायला तयार नसेल, तर जरूर बाहेर पडा. मात्र महिनाभर आधी सांगा, म्हणजे बाकीच्यांना स्कूल व्हॅन शोधायला वेळ मिळेल. आणि कोणत्या तारखेपासून कोण न्यायला येणार, हे मुलांना आधी सांगा.