लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं तर डेस्कटॉपएवढे एफपीएस मिळतात का?

नाही. त्याच कार्डाचे साधारण पाऊणपट धरून चाला, तेही बाहेरचा मॉनिटर असेल तर.

मी जुळे सोलापुरात राहतो. अकराव्या पिढीचा आय-५ लॅपटॉप, थंडरबोल्ट ४ पोर्ट आणि त्याला केबलने जोडलेल्या बॉक्समध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० असा माझा संसार आहे. नवी पेठेतल्या मित्राच्या डेस्कटॉपमध्ये हेच कार्ड आहे. एकाच गेमला, १०८०पी आणि सारख्याच सेटिंगला त्याला ९० एफपीएस मिळतात. मला बॉक्सला मॉनिटर लावून ७० आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर ५५. थोडा फरक प्रोसेसरचाही आहे, पण लॅपटॉपच्या मूळच्या ग्राफिक्सवर हाच गेम २० वर धापा टाकायचा.

अडतं ते केबलमध्ये. ४० गिगाबिट लिहिलेलं असलं तरी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात सेकंदाला अडीच जीबीच्या आसपास येतात. डेस्कटॉपच्या स्लॉटची क्षमता ३१ जीबीची. तरी एफपीएस बाराव्या हिश्श्यावर येत नाहीत, कारण टेक्श्चर एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की दर फ्रेमला केबलवरून थोडाच माल जातो. मेमरी भरली की मात्र तोच माल सारखा ये-जा करतो आणि गेम अडखळतो. म्हणून मी ८ जीबीचं कार्ड घेतलं नाही. १४४०पीवर कार्डालाच प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ लागतो, त्यामुळे डेस्कटॉपशी असलेला फरक कमी होतो. १०८०पीवर १४४ एफपीएसच्या मागे लागणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान.

लॅपटॉपची स्क्रीन वापरली तर तयार फ्रेम त्याच केबलने परत यावी लागते. १०८०पीची एक फ्रेम सुमारे ८ एमबीची, म्हणजे १२० एफपीएसला सेकंदाला जवळपास एक जीबी. माझे ५५ त्यातूनच आले.

सुरुवातीला मी टेबलावर ऐसपैस पुरावी म्हणून दोन मीटरची स्वस्त थंडरबोल्ट ३ केबल घेतली होती. सगळं चालायचं, फक्त एफपीएस पडायचे. थ्रीडीमार्कची 'PCI Express' टेस्ट लावली तेव्हा वेगाचा आकडा जेमतेम निम्मा दिसला. तशा साध्या लांब केबलवर वेग २० गिगाबिटवर येतो. अर्ध्या मीटरची लावली आणि आकडा जागेवर आला.

आणि लाइट. ती गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बॉक्स मात्र बंद पडतो आणि गेम तिथल्या तिथे क्रॅश. मे महिन्यात हे इतक्यांदा झालं की शेवटी बॉक्ससाठी यूपीएस घेतला.

तुमच्या टाइप-सी पोर्टशेजारी थंडरबोल्टची विजेची खूण आहे का ते आधी बघा. नुसता यूएसबी ३ वाला टाइप-सी असेल तर बॉक्स चालणारच नाही. खूण असेल आणि मॉनिटर घरात असेल तर घ्या. मॉनिटरसकट सगळंच विकत घ्यायचं असेल, तर त्याच पैशांत थोडी भर घालून मी डेस्कटॉप असेंबल केला असता.