गार भातातून नेमकं किती मिळतं?

*व्हॉट्सॲपवर आलंय की भात आणि बटाटे शिजवून रात्रभर गार केले की कॅलरी निम्म्या होतात आणि आतड्यातले चांगले जीवाणू वाढतात. आई आता रोज रात्री भात ओट्यावर झाकून ठेवते आणि सकाळी तोच खाते. तिला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. यात तथ्य किती?*

आधी भात ओट्यावरून उचला. शिजवल्यावरही बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू भातात टिकून राहतात आणि कोमट भातात ते रात्रभर वाढतात. त्यांचं उलटी आणणारं विष सकाळी भात गरम केला तरी जात नाही, आणि भाताला वास आला नाही म्हणजे तो चांगला आहे असंही नाही. भात ताटात पसरून तासाभरात निववा, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. मूळ गोष्ट खरी आहे. भात शिजताना स्टार्चच्या साखळ्या सुट्या होतात आणि गार होताना त्यांतल्या काही पुन्हा घट्ट जुळतात. फ्रीजमधल्या भाताचं शीत बोटाने दाबून पाहा, ते कडक आणि कोरडं लागतं. ते कडक होणं म्हणजेच ही जुळणी. गरम केल्यावर भात पुन्हा मऊ होतो, कारण जुळणीचा एक भाग साध्या वाफेलाही सुटतो. पण अमायलोज नावाच्या सरळ साखळ्यांची जुळणी घरच्या आचेवर सहसा सुटत नाही. म्हणून फोडणीचा भात केला तरी फायदा बराचसा टिकतो, थंडगारच खायची गरज नाही. मोकळ्या शिजणाऱ्या तांदळात अमायलोज जास्त असतं, चिकट तांदळात कमी.

हा जुळलेला भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून वापरतात. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात.

आता प्रमाण पाहू. इंडोनेशियातल्या 2015 सालच्या एका प्रयोगात ताज्या पांढऱ्या भातात दर 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होता. 24 तास फ्रीजमध्ये ठेवून परत गरम केलेल्या भातात तो 1.65 ग्रॅम झाला. आमच्या घरची वाटी मी तोलून पाहिली, तिच्यात 150 ग्रॅम भात बसतो. म्हणजे वाटीमागे एकावरून अडीच ग्रॅम, वाढ दीड ग्रॅमची. त्या वाटीत सुमारे 195 कॅलरी असतात आणि या दीड ग्रॅमने तीनेक कॅलरी वाचतात. बटाट्यांचंही तसंच: एका मोजणीत गरम बटाट्यात 100 ग्रॅममागे 3.1 ग्रॅम आणि गार केलेल्यात 4.3 ग्रॅम निघाला.

मग ‘निम्म्या कॅलरी’ आल्या कुठून? 2015 मध्येच श्रीलंकेतल्या संशोधकांनी खोबरेल तेल घालून शिजवलेल्या आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या भातावरचं काम अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत मांडलं. त्यांचा अंदाज 10 ते 12 टक्के घटीचा होता. उत्तम जात सापडली तर 50-60 टक्के होऊ शकेल, ही त्यांची पुढची आशा होती, आणि मेसेजमध्ये आशेचाच आकडा फिरतोय.

आतड्याच्या फायद्याचंही तसंच आहे. ज्या प्रयोगांत ब्युटिरेट वाढलेलं दिसलं, त्यांत बहुधा रोज 15 ते 30 ग्रॅम किंवा जास्त रेझिस्टंट स्टार्च, तोही पावडरच्या रूपात, दिला होता. तिथेही सगळ्यांचं वाढलं नाही, कारण हा स्टार्च फोडणारे जीवाणू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसतात. दीड ग्रॅमच्या भरवशावर आतडं सुधारलं असं मी कोणाला सांगणार नाही. 100 ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यात तंतूच सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. आतड्यासाठी काही करायचंच असेल तर भाताशेजारी उसळ वाढा, पण हळूहळू, नाहीतर पोट फुगेल.

साखरेच्या बाबतीत थोडं हाती लागतं. इंडोनेशियाच्या त्याच प्रयोगात 15 निरोगी माणसांची जेवणानंतरची साखर ताज्या भातापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी चढली. पण ते एका जेवणापुरतं होतं. रोज खाल्ल्याने मधुमेह आटोक्यात येतो, असा त्याचा अर्थ निघत नाही.

आईंच्या बाबतीत काळजी इथेच आहे. टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात गार केलेल्या भातानंतर साखर कमी चढली, पण ती धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही जास्त आले. तेव्हा दोन दिवस तोलून तितकाच भात, तीच भाजी, इन्सुलिनचा तोच डोस ठेवा, एक दिवस ताजा भात आणि एक दिवस फ्रीजमधला. दोन्ही दिवशी जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर मोजा. मध्ये घाम, थरथर किंवा गरगर जाणवली तर दोन तासांची वाट न पाहता लगेच मोजा, आणि साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. आकडे डॉक्टरांना दाखवा. डोस मनाने बदलू नका.