४के १२० हर्ट्झसाठी पीएस५ला कोणती एचडीएमआय केबल घ्यावी?

प्रश्न: "इंदूरला जेल रोडवरून ५ मीटरची केबल आणली, वर ८के छापलंय. पीएस५ ४के ६०ला मस्त चालतो, पण गेममध्ये १२० चालू केलं की पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. केबल खराब आहे की टीव्ही?"

तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून संशय केबलवरच जातो, पण आधी खात्री करा. कन्सोलसोबत खोक्यात जी आखूड केबल येते ती लावा, पीएस५ टीव्हीजवळ ठेवा आणि तोच गेम १२०वर चालवा. गेम चालू असतानाच Settings मधल्या Screen and Video मध्ये Video Output Information उघडा. तिथे ३८४०×२१६० आणि १२० हर्ट्झ दिसलं आणि पडदा काळा झाला नाही, तर टीव्ही निर्दोष. तरीही १२० मिळत नसेल, तर टीव्हीचं पोर्ट बदलून बघा. बऱ्याच टीव्हींत ४के १२० एक-दोन पोर्टांवरच असतं, आणि त्या पोर्टाची सेटिंगही वेगळी चालू करावी लागते.

आता ६०ला चालणारी केबल १२०ला का गळपटते? ४के ६०ला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती जाते. ती तारांच्या तीन जोड्यांतून जाते, प्रत्येकीत ६. चौथ्या जोडीवर फक्त संथ क्लॉक, म्हणजे वेळेचा ताल जुळवणारा सिग्नल असतो. १२०ला पीएस५ ३२ गिगाबिटपर्यंत पाठवतो, आणि तेव्हा चौथी जोडीही माहिती वाहते, चौघींत प्रत्येकी ८. म्हणजे ज्या जोडीची आजवर कसोटीच लागली नव्हती, तिच्यावर एकदम पूर्ण भार येतो. स्वस्त केबलमध्ये तार बारीक आणि इन्सुलेशन हलकं असतं. फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, इन्सुलेशनही जास्त सिग्नल खातं, आणि ही घट प्रत्येक मीटरला वाढत जाते. त्यात जोडीतल्या दोन तारा एकसारख्या लांब नसतील तर सिग्नल पुढे-मागे पोचतात. थोड्या चुका टीव्ही स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे चित्र हळूहळू बिघडत नाही. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की थेट जोडणीच तुटते, पुन्हा जुळते, आणि तुम्हाला पडदा काळा झालेला दिसतो.

८के हा छापील शब्द कुणीही छापू शकतो. दुकानात खोक्यावर Ultra High Speed चं लेबल आणि त्यावरचा क्यूआर कोड शोधा, आणि पैसे देण्याआधी HDMI Cable Certification ॲपने स्कॅन करा. सोन्याचा मुलामा, जाडजूड विणलेलं आवरण यांवर भाळू नका. सिग्नलची घट त्याने कमी होत नाही.

माझं मत: कन्सोल टीव्हीजवळ सरकवता येत असेल तर सरकवा आणि २ मीटरची प्रमाणित केबल घ्या. साधी तांब्याची केबल साधारण ३ मीटरपर्यंत निश्चिंत चालते, ५ मीटरला प्रमाणित मिळणं कठीण. अंतर खरंच जास्त असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिची टोकं वेगळी असतात: सोर्स लिहिलेलं टोक कन्सोलला, डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीला. उलटं लावलं तर चित्र येतच नाही, म्हणून भिंतीतल्या पाइपात ओढण्याआधी टोकं तपासा आणि एकदा बाहेरच चालवून बघा.