नवीन लाइनवर निघालास, तर हे ऐकून ठेव

भाऊ, वाडीहून हैदराबाद लाइन करणाऱ्या एका चाळिशीतल्या ड्रायव्हरची गोष्ट सांगतो. घरी आला तरी बायकोजवळ जायची इच्छा होईना. थकवा असेल म्हणून त्याने दोन वर्षं काढली. रात्री तीनदा लघवीला उठायचा, तहान भागेना, तर म्हणे कॅबिनची गरमी. शेवटी ट्रान्सपोर्टच्या आरोग्य शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेतलं, साखर ३१२.

वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करते, कधी पुरुषी हार्मोनही कमी होतं. ताठरता आधी जाते, मग माणूस जवळ जाणंच टाळतो.

शिबिरातल्या आकड्यावर थांबायचं नाही. लॅबमध्ये आठ तास उपाशीपोटी तपासणी कर: १२६ किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आलं, तर डायबेटिस समज. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून पक्कं करतात. डॉक्टरला इच्छेचंही सांग, लाजू नको बाप्पा! धाब्यावर मिळणारी ‘ताकदीची’ गोळी मात्र घेऊ नको. छातीदुखीची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर बीपी एकदम खाली येऊन जिवावर बेततं.