चिन्ह चुकले आणि सगळे गुण गेले

प्रश्न: 2x² − 3x − 5 = 0 सोडवताना विवेचक −31 आला, म्हणून ‘मुळे वास्तव नाहीत’ लिहिले. पद्धत बरोबर असूनही शून्य गुण का?

उत्तर: त्या एका चिन्हामुळे मुळे काढण्याचा भागच उत्तरपत्रिकेत आला नाही आणि गुण बहुधा त्याच भागाला होते. येथे c = −5 आहे, म्हणून b² − 4ac = 9 − 4(2)(−5) = 9 + 40 = 49, आणि मुळे (3 ± 7)/4, म्हणजे 5/2 व −1. आपण −5 ऐवजी 5 घेतल्याने 9 − 40 झाले. चूक शेवटच्या बेरजेत असती, तर सूत्रात किमती घालून वर्गमूळ काढल्याचे तपासनिसाला दिसले असते; ऋण विवेचकापाशी मात्र उदाहरण तिथेच संपते. खरे तर a आणि c यांची चिन्हे विरुद्ध असतील तर विवेचक ऋण येऊच शकत नाही, त्यामुळे −31 दिसताच मागे वळून पाहायला हवे होते. तरीही गुणदान योजनेत सूत्र लिहिण्यास वेगळा गुण असेल आणि आपण सूत्र अक्षरांत स्पष्ट लिहिले असेल, तर तो गुण मिळायला हवा. त्यासाठी फेरतपासणी मागणे योग्य ठरेल.