अकरा दिवस, एक बॅटरी

प्रश्न: दुकानात ८०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी आहे. लाईट दोन-तीन दिवस गेली तर बॅकअप पुरवून कसा वापरायचा?

माझं श्रीवर्धन तालुक्यात किराणा दुकान आहे, आणि सेट जवळपास तुमच्यासारखाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. आमच्या आळीत लाईट परत आली अकराव्या दिवशी. त्या दिवसांत जे शिकलो ते सांगतो. त्यातलं निम्मं चुकून शिकलो.

पहिली चूक वादळाच्या दिवशीच झाली. सकाळी दहाला लाईट गेली, मी शटर ओढलं आणि मागच्या खोलीत घरच्यांसोबत बसलो. दुपारी वारा सुटला तेव्हा पत्रे उडताना आणि वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडताना ऐकू येत होत्या. इन्व्हर्टर कुणाच्या डोक्यात असणार? संध्याकाळी सातला दुकानात आलो. दिवा लावला नव्हता, पंखा लावला नव्हता, म्हणजे बॅटरी फुल असणार असं गृहीत धरलं होतं. भाचा वायरमनचं काम करतो, त्याने इन्व्हर्टर बंद केला, अर्धा तास थांबला आणि बॅटरीला मीटर लावला. १२.३ व्होल्ट. फुल बॅटरी १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. काही न वापरता चाळीसेक टक्के गेली होती!

खाल्ली कुणी? कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरने ३५ वॅट, वायफायच्या डब्याने १०, आणि इन्व्हर्टरने स्वतः १५. हा शेवटचा आकडा बहुतेकांना माहीत नसतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी बॅटरीतून घेत राहतो. ६० वॅट नऊ तास, म्हणजे अर्ध्या युनिटच्या वर गेलं. गंमत म्हणजे मोबाईलचे टॉवर पडलेले असल्याने वायफाय कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि कॅमेरे बंद शटरचं शूटिंग करत होते.

हिशेब सोपा आहे. १५० एएचची नवी बॅटरी कागदावर १.८ युनिटची. माझी वापरलेली, म्हणून १.४ धरली. लेड-ॲसिड बॅटरी पार रिकामी करायची नसते, त्यामुळे हाताशी १.१ युनिट. त्यातलं अर्ध्या युनिटच्या वर गेलं, उरलं साधारण अर्धं युनिट. एवढ्यात किती दिवस काढायचे ते माहीत नाही.

मग लोड छाटायला घेतला. कॉम्प्युटर १२० वॅट खातो. नेट नाही, यूपीआय नाही, मग बिलं हाताने आणि उधारी वहीत. ट्यूब जुन्या चोकच्या, ५० वॅटला एक. त्या काढून ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब लावले, एक गल्ल्यावर, एक मागे. पंखा ७५ वॅट, बंद. वजनकाट्यात स्वतःची बॅटरी असते, त्याची काळजी नव्हती. आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढाच चालू, बाकी वेळ समोरचं बटण बंद. दिवसा शटर उघडं असलं की उजेड पुरतो, माल द्यायला ट्यूब लागत नाही.

आइस्क्रीमचा डीप फ्रीजर हा सगळ्यात कठीण निर्णय होता. बायको म्हणाली, "तासभर तरी लावून बघा." कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या लोडच्या पाचसहा पट ओढतो, ८०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोड दाखवून बसतो. आणि समजा चालला असता, तरी अख्खी बॅटरी लावून एक दिवस गार राहिला असता, त्याने काय साधलं असतं? ४ तारखेला सकाळी रस्त्यावरची झाडं ओढायला आलेल्या पोरांना सगळे कोन वाटून टाकले. अर्धे वितळले होते, पोरं कागदाला तोंड लावून पीत होती.

दुसऱ्या दिवसापासून आळीतले लोक फोन चार्ज करायला यायला लागले. नेटवर्क नव्हतं, पण टॉर्चसाठी फोन हवाच. एक फोन पूर्ण चार्ज करायला सॉकेटमधून साधारण २० वॅट-तास जातात. म्हणजे पाच फोनचा खर्च अडीच तासांच्या दोन बल्बच्या दुपटीहून जास्त. मी संध्याकाळी पाचच फोन घ्यायचो, आजारी माणूस असलेल्या घरांचे आधी. इन्व्हर्टर तेव्हा चालूच असतो, त्यामुळे त्याचा १५ वॅटचा हप्ता वेगळा पडत नाही. सहावा फोन नाकारताना वाईट वाटायचं. शेजारच्या काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

असं ६ तारखेपर्यंत चाललं. त्या रात्री मीटर ११.९ वर आला आणि मी थांबलो. इन्व्हर्टरच्या बीपची वाट बघू नका. तो लोडवर असताना खूप उशिरा वाजतो, तोवर बॅटरी जास्तच उतरलेली असते.

पुढे एका वाडीवाल्याने विहिरीच्या पंपासाठी छोटा जनरेटर आणला. पेट्रोल मी देतो म्हटलं आणि दर दिवसाआड अडीच तास मागून घेतले. पहिल्या दिवशी जनरेटर धडधडतोय, आणि इन्व्हर्टर मात्र बॅटरीवरच, चार्जिंगचा दिवा लागेचना. पंधरा मिनिटं पेट्रोल फुकट जळलं. माझ्या इन्व्हर्टरच्या मागे एक खटका आहे, तो यूपीएसवर होता. त्या मोडमध्ये तो वरखाली होणारा व्होल्टेज घेत नाही. खटका नॉर्मलवर केला आणि चार्जिंग सुरू झालं. चार्जर बॅटरीत १४ अँपिअर भरतो, म्हणजे अडीच तासांत ३५ एएच, साधारण पाव बॅटरी. उतरलेली बॅटरी करंट झपझप घेते, भरत आली की घेणं मंदावतं. म्हणून रोज थोडं भरण्यापेक्षा खाली आल्यावर भरलेलं पेट्रोलला परवडतं. तेवढ्यात वजनकाटाही चार्ज करून घ्यायचो. जनरेटर बाहेर पडवीत, आणि बॅटरीजवळ उदबत्तीसुद्धा नाही. चार्ज होताना ती पेटणारा वायू सोडते.

भाच्याने शेवटी एक जुगाड केलं. ५ वॅटचा १२ व्होल्टचा एलईडी दिवा आणि गाडीतला मोबाईल चार्जर, दोन्ही फ्यूज घालून थेट बॅटरीला. इन्व्हर्टर चालू करायचीच गरज उरली नाही, त्याचे १५ वॅट वाचले. रोज दोन फोन जास्त चार्ज व्हायला लागले, काकू बोलायला लागल्या. फक्त थेट जोडणीत बॅटरी खाली गेली तर तोडणारं कुणी नसतं, म्हणून रोज मीटर लावायचा आणि झोपताना वायर काढायची.

तारा जोडताना व्होल्टेज कसाही येऊ शकतो म्हणून मी मेन स्विच पाडून ठेवला होता. त्यामुळे लाईट आल्याचं मला कळलं पलीकडच्या घरातल्या मिक्सरच्या आवाजाने. मेन चढवला, अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडली तर खराब होते म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत काही न लावता चार्ज होऊ दिली, मग डिस्टिल्ड वॉटर भरलं. डीव्हीआर आणि वायफाय मात्र तेव्हापासून इन्व्हर्टरच्या लाईनवर नाहीत.