‘रोजच चिडतो’ आणि तीन आठवड्यांची वही

“माझा नऊ वर्षांचा मुलगा रोजच अभ्यासाच्या वेळी आकांडतांडव करतो. वडिलांवर गेला आहे, स्वभावच तसा. काय करू?”

असे विचारणाऱ्या पालकांशी मी स्वभावाची चर्चा लांबवत नाही, एक वही आखायला सांगते. तारीख-वेळ, आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर घरच्यांनी काय केले, एवढेच रकाने. वर्तन आधीच्या परिस्थितीतून आणि नंतरच्या परिणामातून समजते, ही माझी धारणा कामातून पक्की होत गेली आहे.

या आईंची पहिली नोंद होती, “पुन्हा उद्धटपणा केला.” मी विचारले, “तेव्हा मी दारात उभी असते, तर मला काय दिसले असते?” त्या म्हणाल्या, “वही भिरकावली, ‘मला नाही करायचं’ म्हणून ओरडला आणि दार आपटून आत गेला.” मला हवी होती ती नोंद हीच. यांपैकी काही घडले तरच उद्रेक धरायचा, हे आम्ही तेव्हाच ठरवून टाकले, कारण अन्यथा आपण दमलेलो असलो की साधी कुरकुरही उद्रेक वाटू लागते.

“आणि काहीच झालं नाही तर?”

“तेही त्याच रात्री लिहायचे. बसला, गृहपाठ केला, उठला.”

माझ्या मते सगळे मर्म या नोंदीत आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 साली प्रयोगातून दाखवले की बरीच माणसे आपल्या अंदाजाला दुजोरा देणारी उदाहरणेच तपासत राहतात. शांत गेलेली संध्याकाळ ‘रोजच चिडतो’ या समजाला खोटे ठरवू शकते, पण ती लिहिली नाही तर आठवणीतही राहत नाही.

तीन आठवड्यांनी 21 नोंदींत 7 उद्रेक निघाले. त्यांतले 5 मंगळवारी आणि गुरुवारी, म्हणजे क्लासहून साडेसातला आल्यावर काही न खाता तो अभ्यासाला बसला त्या दिवशीचे होते. आई बराच वेळ पाने उलटत राहिल्या. “बाकीचे चौदा दिवस मला दिसलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. केवळ स्वभावाचा प्रश्न असता, तर त्याने वार निवडले नसते.

एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून फक्त आधी खाणे आणि मग अभ्यास, एवढेच बदलले आणि वही तशीच चालू ठेवली. पुढच्या तीन आठवड्यांत क्लासच्या दिवशी एकच उद्रेक झाला. एवढ्याशा नोंदींवरून भूक हेच कारण असे मी ठामपणे म्हणणार नाही, आणि इतर दिवशीच्या दोन उद्रेकांचा उलगडाही झालेला नाही. वही मुलाला आरोपपत्रासारखी वाचून मात्र दाखवू नये. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर नोंदींसाठी न थांबता लगेच तज्ज्ञांकडे जावे.

आता आम्ही शेवटच्या रकान्याकडे वळलो आहोत, कारण 7 पैकी 6 वेळा उद्रेकानंतर गृहपाठ दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला होता.